लपवलेले पीस टेबलावर कसे आणायचे: कुपवाडच्या मशीन शॉपमधल्या नव्या मॅनेजरसाठी

कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीतलं एखादं सीएनसी टर्निंगचं शॉप घ्या. सात-आठ मशीन, दोन शिफ्ट, पंधरा-वीस माणसं. त्यात चार-पाच कायम ऑपरेटर, दोन सेटर, प्रत्येक शिफ्टला एक सुपरवायझर, आयटीआय करून आलेली दोन-तीन मुलं आणि ठेकेदाराकडचे हेल्पर. तुम्ही तिथे नुकतेच प्रॉडक्शन मॅनेजर झाला आहात. रोजच्या रिपोर्टात रिजेक्शन दोन पीस, तीन पीस, कधी शून्य. तरी महिन्या-दोन महिन्यांनी ग्राहकाकडून तक्रार येते आणि खराब माल तुमच्याच बॅचमधला निघतो. म्हणजे तो पीस खराब आहे हे कोणाला तरी माहीत होतं, किंवा सहज कळू शकलं असतं, आणि ती गोष्ट तुमच्यापर्यंत आली नाही.

चूक सांगितली तर आपला अपमान होणार नाही, पैसे कापले जाणार नाहीत, काम जाणार नाही, असं टीममधल्या माणसाला वाटणं म्हणजे मानसिक सुरक्षितता. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९९ मध्ये ही कल्पना टीमच्या संदर्भात मांडली. त्याआधी १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात रुग्णालयांमधल्या औषधांच्या चुका पाहिल्या होत्या. चांगल्या चालणाऱ्या वॉर्डांमध्ये नोंदलेल्या चुका जास्त दिसत होत्या. तिथली माणसं चुका उघड बोलत होती, म्हणून त्या कागदावर येत होत्या. ही एक गोष्ट मनात पक्की ठेवा, कारण पुढच्या दोन महिन्यांत तुमचा रिजेक्शनचा आकडा वाढणार आहे आणि तेव्हा तिची गरज लागेल.

आधी मोजा, कोणाला विचारू नका

लपवाछपवी किती आहे हे माणसांना विचारून कळत नाही. मालाच्या हिशेबातून कळतं. एक पार्ट निवडा आणि एका आठवड्याचा हिशेब मांडा. समजा सोमवारी सकाळी शॉपवर २२० कास्टिंग होत्या, आठवड्यात ९०० आल्या, शनिवारी मोजल्या तर १९० उरल्या. म्हणजे ९३० मशीनवर गेल्या. ओके माल ८९८, नोंदलेलं रिजेक्शन ९. बाकी २३ पीस कुठे गेले? ते चिपच्या ट्रॉलीत तळाला असतात, मशीनच्या मागे असतात, किंवा ओके मालात मिसळून गेलेले असतात. या तिसऱ्या शक्यतेची भीती सगळ्यात मोठी.

सोबत चेकशीट वाचा. तासातासाची रीडिंग सगळी एकाच पेनाने, एकाच दमात लिहिल्यासारखी आहेत का? इन्सर्ट झिजतो तसं माप सरकायलाच हवं. आठ तास तेच माप असेल तर गेज लागलेलं नाही. पहिल्या शिफ्टला त्याच मशीनवर रिजेक्शन निघतं आणि दुसऱ्या शिफ्टला कधीच नाही, हीसुद्धा खूणच.

हा २३चा आकडा तुमच्या वहीत राहू द्या. तो घेऊन शॉपवर गेलात आणि ‘हे तेवीस पीस कुठायत?’ असं सगळ्यांसमोर विचारलंत, तर पुढच्या आठवड्यात हिशेब बरोबर जुळेल. फक्त तो जुळवलेला असेल. हा आकडा तुमची सुरुवातीची पातळी आहे. सुधारणा त्यावरूनच ओळखायची.

सांगण्याची किंमत काढून टाका

बहुतेक नवे मॅनेजर इथे घाई करतात. पहिल्याच दिवशी सगळ्यांना जमवून ‘माझ्याकडे बिनधास्त या, चूक सांगा, काही होणार नाही’ असं जाहीर करतात. माणसं मान डोलावतात आणि काही बदलत नाही, कारण त्यांना माहीत असतं की होतं. जे होतं ते आधी शोधून बंद करायला हवं.

चार जागा पाहा. पहिली, पगार. खराब पीसचे पैसे कापण्याची पद्धत असेल तर मालकांशी बोलून ती थांबवा. कायद्यातही ती सरसकट चालत नाही: नुकसानीपोटी कपात करायची तर आधी कामगाराला आपलं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते आणि कपात नुकसानीपेक्षा जास्त असू शकत नाही. ही तरतूद १९३६ च्या वेतन कायद्यात होती आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. दुसरी जागा इन्सेंटिव्ह. ‘महिन्यात पाचपेक्षा कमी रिजेक्शन तर बोनस’ असा नियम असेल, तर पाचवा पीस लपवण्याचे पैसे तुम्हीच देत आहात. बोनस ओके मालावर किंवा ग्राहकाकडे तक्रार न जाण्यावर लावा, शॉपवर नोंदलेल्या रिजेक्शनवर नको.

तिसरी जागा ठेकेदार. हेल्परला कोणी रागावत नाही. त्याला फक्त ‘उद्यापासून येऊ नको’ म्हणतात. आजूबाजूच्या गावांतून एकमेकांच्या ओळखीने आलेली ही मुलं असतात. एकाला घरी पाठवलं की दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळतं का पाठवलं ते. ठेकेदाराला समोर बसवून ठरवा की चूक झाली म्हणून तुम्हाला विचारल्याशिवाय कोणालाही बदलायचं नाही. चौथी जागा व्हॉट्सॲप ग्रुप. खराब पीसचा फोटो, खाली ऑपरेटरचं नाव आणि लाल चिन्हं, हा प्रकार अनेक शॉपमध्ये चालतो. तो त्याच दिवशी बंद करा.

हे सगळं मालकांच्या संमतीशिवाय होणार नाही, म्हणून आधी त्यांच्याशी बोला आणि दोन गोष्टी स्पष्ट मागून घ्या. एक, पुढचे दोन महिने रिजेक्शनचा आकडा वाढला तरी ते शॉपवर येऊन कोणाला बोलणार नाहीत. दोन, काही विचारायचं असेल तर ते तुम्हाला विचारतील. मालक हो म्हणत नसतील तर टीमला कुठलंही वचन देऊ नका. मोडलेल्या वचनानंतर जी गप्प बसण्याची सवय लागते ती आधीपेक्षा घट्ट असते.

खरी गाठ सुपरवायझरपाशी असते

चूक ऑपरेटरकडून सेटरकडे, तिथून सुपरवायझरकडे, मग क्वालिटीकडे आणि शेवटी तुमच्याकडे येते. ती बहुतेक वेळा सुपरवायझरपाशी अडते. सुपरवायझर वाईट असतो म्हणून नाही. रोज सकाळी रिजेक्शनबद्दल ‘का?’ हा प्रश्न त्यालाच विचारला जातो. तो ऑपरेटरला कधी स्पष्ट सांगत नाही की लपव. तो म्हणतो, ‘जरा ॲडजस्ट कर की.’ ऑपरेटरला तेवढं पुरतं.

म्हणून टीमशी बोलण्याआधी दोन्ही सुपरवायझरांशी एकेकटं बसा. अर्धा तास द्या. त्यांना विचारा, ‘दादा, रिजेक्शन वर कळवलं की तुम्हाला काय ऐकून घ्यावं लागतं?’ आणि ऐका. मध्ये समर्थन करू नका. मग तुम्ही काय बदलणार ते ठोस सांगा. उदाहरणार्थ: सकाळच्या बैठकीत रिजेक्शनच्या संख्येवर त्यांना प्रश्न येणार नाही; प्रश्न येईल तो खराब पीस किती वेळात वेगळे झाले यावर. मोजमाप बदललं की सुपरवायझरचं हित ऑपरेटरच्या बोलण्यात जाऊन बसतं.

अनुभवी, वयाने मोठ्या सुपरवायझरला यात आपला दरारा जाईल असं वाटू शकतं. त्याला टीमसमोर शिकवू नका. पहिली सांगितलेली चूक त्याच्या हातून सोडवू द्या आणि श्रेय त्यालाच द्या.

कशाला माफी आहे, कशाला नाही

‘काहीही करा, चालेल’ असं कोणालाच नको असतं, नीट काम करणाऱ्या ऑपरेटरला तर अजिबात नाही. सीमा आधी सांगितली तरच विश्वास बसतो. तीन प्रकार पुरतात.

नजरचूक: ऑफसेट टाकताना आकडा चुकला, पीस उलटा पकडला गेला. यावर कारवाई नाही, सुधारणा होते. वाट सोडून केलेलं काम: पहिला पीस न मोजता मशीन चालू ठेवलं. इथे आधी एक प्रश्न स्वतःला विचारा: त्याच्या जागी तेवढंच शिकलेला दुसरा चांगला ऑपरेटर असता, तर त्या संध्याकाळी त्यानेही हेच केलं असतं का? उत्तर हो असेल तर दोष कामाच्या मांडणीत आहे. नाही असेल तर त्या माणसाशी खाजगीत बोला आणि पुन्हा शिकवा. तिसरा प्रकार जाणूनबुजून केलेला: माप न घेता रीडिंग लिहिणं, खराब पीस ओके मालात टाकणं, गार्ड काढून किंवा पिऊन काम करणं. यावर नियमाप्रमाणे कारवाई होणारच.

रीडिंग खोटी लिहिण्याची जुनी सवय सगळ्यांना असेल, तर एक तारीख जाहीर करा. त्या तारखेआधीचं काही उकरून काढायचं नाही, त्यानंतर मात्र नियम लागू. सांगण्यालाही मुदत ठेवा: शिफ्ट संपण्याआधी सांगितलेल्या नजरचुकीवर कारवाई नाही. विमानवाहतुकीत अशी व्यवस्था जुनी आहे. अमेरिकेत १९७६ पासून नासा वैमानिकांच्या चुकांची गोपनीय नोंद घेते आणि जाणूनबुजून न केलेली चूक दहा दिवसांत कळवली तर शिक्षेतून सूट मिळते. मुदत असली की माणसाला ‘आत्ता सांगू की नंतर’ हा विचार करत बसावं लागत नाही.

लाल पेटी आणि पहिला मिनिट

प्रत्येक मशीनशेजारी एक लाल पेटी ठेवा आणि दोऱ्याने बांधायची लाल चिठ्ठी. चिठ्ठीवर चारच गोष्टी: पार्ट, मशीन, किती पीस, कधी लक्षात आलं. नावाचा रकाना ठेवू नका. मशीन आणि वेळ असली की हवी ती सगळी माहिती निघते. नावाचा रकाना फक्त लिहिणाऱ्याचा हात थांबवतो. पेटीला कुलूप अनेक ठिकाणी ऑडिटसाठी लागतं. लागू द्या, पण वरून पीस आत टाकता यायला हवा, नाहीतर किल्लीसाठी सुपरवायझरला शोधत फिरण्यापेक्षा चिपची ट्रॉली जवळ वाटते.

आता सगळ्यात नाजूक भाग. कोणीतरी पहिल्यांदा येऊन सांगेल, ‘सर, पीस गेले.’ त्यानंतरच्या एका मिनिटात तुम्ही जे बोलाल आणि तुमचा चेहरा जो असेल, तो जेवणाच्या सुट्टीत सगळ्या शॉपला कळलेला असेल. म्हणून वाक्यं आधीच ठरवून ठेवा:

‘बरं झालं लगेच सांगितलंस. पीस वेगळे केलेस का? शेवटचा ओके पीस कुठला?’

एवढंच. ‘कसं काय झालं?’ हा प्रश्नही त्या मिनिटात नको. तुम्हाला तो साधा वाटतो, समोरच्याला तो चौकशीची सुरुवात वाटतो. ‘आधी असं कधी झालं नव्हतं’, ‘किती पैसे गेले माहितीये का?’ हे तर अजिबात नको. आणि मोबाईल खाली ठेवा, त्याच्याबरोबर मशीनपाशी चालत जा. राग येणार असेल तर पहिलं वाक्य बोला आणि पीस पाहायला निघा. चालण्यात राग ओसरतो. ‘का’ चा शोध नंतर, पीस वेगळे झाल्यावर, शक्यतो त्याच दिवशी.

एक उदाहरण पूर्ण पाहू

फ्लँजचा बोर २५ मिमी, एच७. म्हणजे २५.००० ते २५.०२१ मिमीच्या आत. सायकल तीन मिनिटांची, तपासणी तासाला एकदा. दुसऱ्या शिफ्टला संध्याकाळी साडेआठच्या सुमारास ऑपरेटरने बोरिंगचा इन्सर्ट बदलला. सव्वानऊला प्लग गेज लावलं तर नो-गो बाजू सरळ आत गेली. बोर मोठा झालाय. १४ पीस गेले. लहान बोर पुन्हा कापता येतो. मोठा झाला की पीस भंगार.

जुन्या पद्धतीत काय झालं असतं? दोन-तीन पीस रिपोर्टात, बाकी ट्रॉलीत, आणि एखादा ओके पेटीत राहून गेलेला. सकाळी ‘लक्ष देऊन काम करा’ असा शेरा.

इथे ऑपरेटरने सांगितलं. सुपरवायझरने मशीन थांबवलं, इन्सर्ट बदलल्यानंतरचे सगळे पीस उलट क्रमाने तपासले आणि ओके पेटीत आधीच गेलेले तीन परत काढले. १४ चे १४ लाल पेटीत. मग ‘का’ पाहिलं. जुना इन्सर्ट झिजत गेला तसा बोर लहान होत होता, म्हणून ऑपरेटरने थोडं थोडं करत वेअर ऑफसेट मिळून ४० मायक्रॉन वाढवला होता. नवा इन्सर्ट लावल्यावर तो शून्य करायचा राहिला. त्यामुळे २५.०१० च्या आसपास येणारा बोर २५.०५० ला गेला.

इथे थांबलात तर निष्कर्ष ‘ऑपरेटर विसरला’ एवढाच. पुढे विचारा: पहिलाच पीस का मोजला नाही? कारण दोन मशीनला मिळून एकच प्लग गेज होतं आणि ते दुसऱ्या मशीनवर होतं. ते आणायला का गेला नाही? कारण शिफ्टच्या बोर्डावर तासाचं टार्गेट २० पीस होतं आणि इन्सर्ट बदलायला लागणारा वेळ त्यात धरलेलाच नव्हता. चेकशीटवर ‘इन्सर्ट बदलल्यावर वेअर शून्य’ अशी ओळ होती का? नव्हती.

यातून तीन कामं निघाली. दुसरं प्लग गेज. इन्सर्ट बदलला त्या तासाचं टार्गेट १७. आणि मशीनवर चिकटवलेली सूचना: इन्सर्ट बदलला की वेअर शून्य करा, पहिला बोर मुद्दाम थोडा लहान काढा, मोजा, मग साइजवर आणा, त्यानंतरच सायकल सुरू करा. ही तिन्ही कारणं त्या ऑपरेटरलाच ठाऊक होती. तो गप्प बसला असता तर गेज एकच राहिलं असतं आणि हाच प्रकार पुढच्या महिन्यात दुसऱ्या कोणाच्या तरी हातून झाला असता. चाकणच्या असेंब्ली लाइनवर सापडलेला एक मोठा बोर म्हणजे तिथला सगळा साठा माणसं पाठवून तपासणं, डेबिट नोट आणि ग्राहकाला लेखी उत्तर. त्यापुढे १४ कास्टिंग फार स्वस्त.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट बदलताना, दोन्ही शिफ्टची माणसं असताना, पाच मिनिटांत हे सांगा: काय झालं, काय बदललं, गेज कधी येणार. ऑपरेटरचं नाव घ्यायचं की नाही हे त्याला आधी विचारा. अनेकांना कौतुकसुद्धा चारचौघांत नको असतं. आणि गेज ठरलेल्या तारखेला आणा. सांगून काही बदलत नाही असं एकदा दिसलं की शिक्षा नसली तरी माणसं सांगणं सोडतात. हे कारण मॅनेजरच्या लक्षातच येत नाही.

कुठे घसरतं

तक्रारपेटी लावू नका. पंधरा जणांच्या शॉपमध्ये अक्षर सगळे ओळखतात, आणि निनावी चिठ्ठीवर उलट प्रश्न विचारता येत नाही. ‘सर्वांत जास्त चुका सांगणाऱ्याला बक्षीस’ हेही नको. किरकोळ गोष्टी भरून येतात आणि मोठी तशीच राहते.

टीमने बोलावं असं वाटत असेल तर तुमच्या कामातली चूक आधी तुम्ही सांगा, तीही खरी आणि परिणाम झालेली: ‘कास्टिंगची ऑर्डर मी दोन दिवस उशिरा दिली, म्हणून काल तिसरं मशीन थांबलं.’ ‘मी पण माणूस आहे, चुकतो’ असलं मोघम वाक्य कोणाला खरं वाटत नाही.

तुमचा एकदा तोल जाईलच, बहुधा ग्राहकाचं ऑडिट तोंडावर असताना. तसं झालं तर त्याच दिवशी, जितक्या लोकांसमोर बोललात तितक्याच लोकांसमोर, माफी मागा. केबिनमध्ये बोलावून मागितलेली माफी बाकीच्यांपर्यंत पोचत नाही. ग्राहकाला पाठवायच्या उत्तरातही कारण म्हणून ‘ऑपरेटरची चूक, समज दिली’ लिहू नका. तो कागद शॉपवर लागतो आणि लोक वाचतात.

एक मर्यादा मान्य करायला हवी. ठेकेदाराकडच्या मुलाचं काम टिकवणं पूर्णपणे तुमच्या हातात नसतं, आणि तो ते जाणून असतो. त्याच्याकडून कायम ऑपरेटरइतक्या लवकर बोलण्याची अपेक्षा धरू नका. त्याला सेटरला सांगणं सोपं जात असेल तर तोच मार्ग चालू द्या.

सुधारतंय हे कसं ओळखायचं

दर शनिवारी तोच मालाचा हिशेब मांडा आणि दोन आकडे शेजारी लिहा: नोंदलेलं रिजेक्शन आणि बेपत्ता पीस. सुरुवात ९ आणि २३ होती. पाच-सहा आठवड्यांनी २६ आणि ४ असं काही दिसलं तर काम बरोबर चाललं आहे, जरी रिजेक्शन तिप्पट झाल्यासारखं वाटलं तरी. मालकांना हे आधीच सांगून ठेवलेलं असतं ते याच दिवसासाठी. त्यानंतर कारणं दुरुस्त होत जातात तसा पहिला आकडाही उतरू लागतो. नोंद न वाढता बेपत्ता पीस एकदम शून्य झाले तर आनंद मानू नका. कास्टिंग स्वतः मोजा आणि ओके पेटीतले वीस पीस काढून गेज लावून पाहा.

तिसरी नोंद चिठ्ठीवरच्या वेळेची. चूक लक्षात आल्यापासून पेटीत पीस पडेपर्यंत किती वेळ जातो? आधी तो शिफ्ट संपतानाचा असतो, कारण माणूस सगळा वेळ सांगू की नको या विचारात काढतो. तो पंधरा-वीस मिनिटांवर आला की दुसऱ्या शिफ्टचे आकडे पहिल्या शिफ्टशी ताडून पाहा. तुम्ही सहाला घरी जाता. त्यानंतरही चिठ्ठ्या तितक्याच येत असतील तर दुसऱ्या पार्टचा हिशेब सुरू करा. येत नसतील तर रात्रीच्या सुपरवायझरबरोबर पुन्हा अर्धा तास बसा.